खवट चिवड्याचा उठावना

देवास गेटजवळच्या आपल्या दुकानात भय्यासाहेबांनी चिवड्याचं पाकीट फोडलं, एक शेंगदाणा चावला आणि थुंकून टाकला. खवट. कुठल्याशा जुन्या पोत्यातले दाणे ह्या लॉटमध्ये तळले गेले होते, आणि लॉट बहुतेक विकूनही झाला होता. आपल्या हातचं खवट लोकांच्या डब्यांत जाऊन बसलंय, कुणाच्या तरी पोटात उतरणार आहे, हे त्यांना सहन होईना.

उरलेला माल त्यांनी बाजूला काढला, अन्न सुरक्षा खात्याला कळवलं आणि मुलाला, अपूर्वला, पोस्ट लिहायला बसवलं. काय बिघडलं, कसं बिघडलं, पाकिटामागे लॉट नंबर नि पॅकिंगची तारीख कुठे पाहायची. खाऊ नका, फोडलेलं असलं तरी आणा, बिल नसलं तरी पूर्ण पैसे परत. मराठीत, खाली हिंदीत. सगळं चोख. फक्त माफी मागणाऱ्याचं तोंड दिसलंच पाहिजे, असा भय्यासाहेबांचा हट्ट. हात जोडलेला फोटो एकच सापडला, साठीच्या समारंभातला, गळ्यात झेंडूचा हार. अपूर्वने त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अत्यंत दुःखाने कळवितो'.

खालचं कुणी वाचलं नाही. ग्रुपांवर 'ॐ शांती'चा पूर लोटला. अपूर्वने खुलासा टाकला, लोकांनी त्यालाही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी एकही पाकीट आलं नाही. रजनीताई आल्या, जुन्या गिऱ्हाईक, पांढऱ्या साडीत. गल्ल्यावर बसलेले भय्यासाहेब पाहून त्यांचा चेहरा जरा उतरलाच.

"चिवडा आणलात?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"छे हो. तुमच्या हातचा शेवटचा म्हणून जपून ठेवलाय. घरात सगळे रोज चिमूटभर घेतो."

भय्यासाहेबांनी लॉट नंबर सांगितला, खाऊ नका म्हणून विनवलं. समजावून काही उपयोग नव्हता. रजनीताई त्यांच्याच जाण्याबद्दल त्यांचं सांत्वन करून गेल्या. ते बायकोला म्हणाले, "सुलू, उद्या उठावना ठेवू. शोकसभेला लोक नक्की येतात."

"जिवंत माणसाचा?"

"चिवड्याचा. तसं स्पष्ट लिही. येताना पाकीट आणावं, हेही लिही."

"आणि हार? फोटोतलाच चालेल की नवा आणू?" सुलूताई म्हणाल्या, आणि चटया काढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. पाकिटं घेऊन आली. फोटोपुढे ठेवून नमस्कार करीत. शेजारी बसलेले भय्यासाहेब लॉट नंबर पाहत, पैसे हातावर ठेवत आणि चिवडा बादलीतल्या राखेत ओतत, पुन्हा कुणाच्या तोंडी लागू नये म्हणून. रेल्वेतून निवृत्त झालेले सुहास फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहिले.

"चेहरा अगदी तुमच्यासारखा. भाऊ?"

"मीच."

"हिम्मत रखिये," सुहास हळूच म्हणाले आणि खांद्यावर हात ठेवून गेले.

संध्याकाळी हिशेब लागला. रजनीताईंचा डबा आला होता, बाकीचाही बराच माल आला होता. पण काही पाकिटं अजून बाहेरच होती. भय्यासाहेबांनी राखेचे हात धुतले आणि सुलूताईंना तेराव्याची तारीख काढायला सांगितली.