कागल तालुका माझ्याकडं

कडबा कुट्टीचं यंत्र विकायचं म्हणजे तोंडानं चालत नाही, हातानं चाक फिरवून दाखवावं लागतं. बाजाराच्या गावी यंत्र मांडायचं, कडब्याची पेंढी तोंडाशी धरायची आणि घाम निघेस्तोवर चाक ओढायचं. शेतकरी भोवती उभे राहतात, पात्याला बोट लावून बघतात, ‘झकास हाय की’ म्हणतात आणि निघून जातात. त्यातला एखादा पुढं कधीतरी घेतो. मी त्या यंत्रांचा एजंट होतो. कारखाना कोल्हापुरात, उद्यमनगरात. माझा मुलूख मात्र जत, सांगोला आणि निपाणीच्या पलीकडं. कोल्हापुरातली माझी खोली महिन्यातले निम्मे दिवस कुलपातच असायची. उघडली तरी आत होतं कोण?

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. पोरगी तेव्हा पाळण्यात. फिरतीचा माणूस तान्हं पोर घेऊन कुठं जाणार? मुरगूडच्या माझ्या बहिणीनं तिला पदराखाली घेतली. बहिणीची पोरं मला मामा म्हणायची. त्यांचं ऐकून माझी पोरगीही मला मामाच म्हणायला लागली, आणि बहिणीला आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळं घर हसलं. मीही हसलो. एस.टी.त बसल्यावर मात्र निपाणी येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसलो.

तेव्हाच ठरवलं, कागल तालुका मिळवायचा. मुरगूड कागल तालुक्यात. मुलूख माझा झाला की दर बाजाराला मुरगुडात यंत्र लावायचं आणि रात्री बहिणीकडं राहायचं. आठवड्यातून एकदा बापाचं तोंड दिसलं, तर पोर कधीतरी ओळखेल.

अडचण एकच, मालकाची सासुरवाडी त्याच तालुक्यात. मालक मूळचा लेथवरचा मिस्त्री. स्वतःच्या हिमतीवर भट्टी टाकलेला, आवाज घणासारखा. कागलकडचं गिऱ्हाईक थेट कारखान्यात यायचं, सासऱ्याचं नाव सांगायचं, चहा प्यायचं आणि एजंटाशिवाय स्वस्तात यंत्र घेऊन जायचं. म्हणून तो तालुका मालकानं स्वतःकडं ठेवला होता.

नवीन करार करायच्या दिवशी मी विषय काढला, तसा तो खेकसला, “कशाला पायजे तुम्हाला कागल? तिथलं पावणं घरला येत्यात. न्हाय म्हणता येत न्हाय मला. उलट लांबचा मुलूख वाढवा, कमिशनचा दर वाढवून देतो.”

मी म्हणालो, “दर नको. कागल द्या.”

आता सरळ ‘माझी पोरगी आहे तिथं’ एवढं सांगता आलं असतं. पण धंद्याच्या टेबलावर घरचं रडगाणं गायचं नाही, हा माझा ताठा. शिवाय रडगाणं ऐकणारं कुणी राहिलं नव्हतं, त्यामुळं गायची सवयच मोडली होती. मग मी सगळं धंद्याच्या भाषेत मागितलं.

सकाळभर आमची जुंपली. मालकानं तालुक्याला वर्षाचं चाळीस यंत्रांचं टारगेट मागितलं. गाठलं नाही तर तालुका परत त्याच्याकडं. मी म्हणालो, चालेल, पण पावणं थेट येऊन नेतील तीही त्याच चाळिसात धरायची, कारण चाक मीच फिरवून दाखवलेलं असणार. तो म्हणाला, धरतो, पण त्यावर कमिशन निम्मं. मी मान्य केलं. त्याला दर तीन महिन्यांचं टारगेट पाहिजे होतं. मी म्हणालो, “मालक, पावसाळ्यात वैरण हिरवीगार असती, तवा कुट्टी कोण घेतंय?” तो हसला आणि मार्चअखेरपर्यंतचं एकच टारगेट ठरलं. दर कारखान्याच्या मूळ किमतीवर पाच टक्के. चाळिसाच्या वर जाईल त्या प्रत्येक यंत्रावर सात. शेवटी मालकानं बोट उभं केलं, “आणि एक. यंत्र गेलं म्हणून मोजायचं न्हाय. पुरतं पैसं आल्यावरच ते विकलं म्हणायचं. कमिशनालाबी आणि टारगेटलाबी.” मी तेही कबूल केलं. लुबाडणूक नव्हती त्यात. उधारीनं त्याचा एक जोडीदार बुडालेला मी पाहिला होता.

ते वर्ष मी गाढवासारखा राबलो. बाजारादिवशी मुरगुडात चाक ओढायचो. पोरगी भावंडांबरोबर यायची, कडब्याचं एकेक धाट माझ्या हातात द्यायची. संध्याकाळी तिच्या शेजारी जेवायचो. तिला घास भरवायला गेलो की ती आधी बहिणीकडं बघायची. बहीण मान हलवायची, मग तोंड उघडायची. परक्याकडून घ्यायच्या आधी पोरं विचारतात, तसं. जेवण गोड लागत नव्हतं, पण ते ताट सोडून खोलीवर जायची माझी छाती नव्हती.

मार्च सरत आला आणि मी दोन यंत्रांनी कमी पडलो. म्हणजे यंत्रं गेली होती, गोठ्यात चालतही होती. पण दोघा शेतकऱ्यांनी थोडी आगाऊ रक्कम देऊन बाकीचं उसाच्या बिलावर ठेवलं होतं, आणि बिलं लांबली होती. करार तो करार. माझंच तोंड, मीच हो म्हटलेलं. मग मी साठवलेलं होतं नव्हतं ते काढलं आणि त्या दोघांच्या नावानं बाकी भरून टाकली. टारगेट गाठलं.

पण कोल्हापूरकडचा शेतकरी एजंटाच्या हातात पैसा ठेवत नाही, मालकाच्या हातात ठेवतो. बिल निघाल्याबरोबर त्यातला एक थेट कारखान्यात हजर झाला. मालकानं पावत्या बघितल्या आणि म्हणाला, “तुमचं पैसं तर मागंच आल्यात की!” शेतकरी चक्रावला. मालक नाही चक्रावला. त्यानं मला बोलावून घेतलं.

“एजंट,” तो म्हणाला, “दोन यंत्रांत तुम्हाला कमिशन मिळालं किती आणि तुम्ही घातलासा किती? येडं का खुळं तुम्ही? ह्यो कसला धंदा?”

बाहेर भट्टीचा पंखा घरघरत होता. मग तोंडातून निघून गेलं, “माझी पोरगी हाय मुरगुडात. बहिणीकडं.”

मालकाचा एवढा मोठा आवाज एकदम खाली आला. “आणि हे तुम्ही मला वरीसभर सांगितलं न्हाय? मी काय वाघ हाय व्हय? अहो, टारगेटच लावलं नसतं!” त्यानं करार ओढला, कागलच्या पुढचा चाळीसचा आकडा पेनानं रेघोट्या मारून खोडला, शेतकऱ्यानं आणलेले पैसे माझ्यापुढं सरकवले आणि विचारलं, “किती वर्षाची हाय पोर?”

“चार.”

“तुम्हाला काय म्हणती? बाबा?”

खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून माझ्या घरच्यांबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि विचारलं तर नेमकं हेच. मी ‘व्हय’ म्हणालो.

पुढं कागल तालुका कायम माझ्याकडं राहिला. दर बाजाराला मी मुरगुडात असायचो. बहिणीनं शिकवलं, समजावलं, आणि पोरगी मला बाबा म्हणायला लागली. शाळेत, पाहुण्यांत, सगळीकडं बाबाच. पण एकदा ओढ्याला पाय घसरून पडली, गुडघा फुटला, आणि मी पळत जाऊन तिला उचललं, तेव्हा माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारून ती रडत म्हणाली, “मामा, मला आईकडं ने.”

मी नेलं.