नॉट की नाऊ

विल्मा कांगासने एकतीस वर्षं टपालखात्यात काढली आणि त्यातली बरीचशी वाईट अक्षर वाचण्यात. पावसात भिजलेले, पुसट झालेले, अर्धवट लिहिलेले पत्ते शेवटी तिच्या टेबलावर येत. ती भिंग लावून बसे आणि बहुतेकांना घर सापडे. गावात म्हणत, विल्मा डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा वाचेल.

एकदाच तिने अंदाज केला होता. एका पाकिटावर 'मिल रोड' होतं की 'हिल रोड', ते कळेना. नाताळची गर्दी होती, मागे थैल्या साचल्या होत्या. तिने 'हिल' ठरवलं. पत्र महिनाभर भलत्याच घरात पडून राहिलं. ते एका आजारी बाईने मुलीला लिहिलं होतं. मुलीच्या हाती पडलं तोवर आई गेली होती. विल्माला कोणी बोल लावला नाही. तिने स्वतःला लावला. त्या दिवसापासून 'बहुतेक' हा शब्द ती गिळत नसे, लिहून ठेवत असे.

निवृत्त झाल्यावर ती आमच्या इतिहास मंडळात जाऊ लागली. मंडळ म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि एक हीटर, जो लाथ मारल्याशिवाय चालत नाही. लोक जुनी पत्रं स्कॅन करून पाठवत. विल्मा ती वाचे आणि यादीसाठी चार-सहा ओळींत सारांश लिही. जो शब्द नीट लागला नाही तो चौकटी कंसात, पुढे प्रश्नचिन्ह. अजिबात दिसत नसेल तर तसंच लिही: [दोन शब्द गेले].

त्या मार्चमध्ये ओहायोच्या एका बाईने माळ्यावर सापडलेल्या पत्राचा स्कॅन पाठवला. पत्र १८९६ सालचं. आमच्या खाणीत माणसांना खाली-वर नेणारा पाळणा सुटून आठ माणसं मेली, त्यानंतर नवव्या दिवशी लिहिलेलं. लिहिणारी खाणीतल्या हजेरी-कारकुनाची बायको, बहिणीला लिहीत होती.

त्या अपघाताचा दोष पाळणा चालवणाऱ्या डिगरी पॅस्कोवर आला होता. तो लिव्हरपाशी झोपला, असं चौकशीत ठरलं. मंडळाच्या भिंतीवरच्या फलकावर तेच लिहिलेलं आहे. डिगरीचा नातू क्लेम अजून गावात आहे. वय त्र्याऐंशी, फुप्फुसं निकामी, नाकात ऑक्सिजनची नळी. शाळेत पोरं त्याला 'झोपाळू' म्हणत. पुढे त्याच्या मुलांनाही म्हणाली.

पत्राच्या दुसऱ्या पानावर ते वाक्य होतं. 'पॅस्को झोपला होता असं मला' इथपर्यंत अर्थ लागत होता. पण ज्या शब्दावर सगळं अवलंबून, तो नेमका घडीवर आला होता. इंग्रजी 'एन' आणि 'ओ' दिसत होते, पुढचं अक्षर घडीने खाल्लं होतं. तिथे 'नॉट' असेल तर बाई म्हणते, मला तसं वाटत नाही. 'नाऊ' असेल तर म्हणते, आता मला तसंच वाटतं.

मंडळाचे अध्यक्ष ड्वेन हॉलबर्ग खुर्चीच्या पाठीवर रेलून स्क्रीन बघत होते.

"नॉट आहे. सरळ दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय," विल्मा म्हणाली. "मला दिसत नाही."

"मिसेस कांगास, जूनमध्ये नवा फलक लागायचाय. 'पत्राने पॅस्को निर्दोष ठरला.' एवढी एक ओळ द्या. पेपरवाले येतील."

"ओळ देते. खरी असली तर."

स्कॅन काळा-पांढरा होता. अशा स्कॅनमध्ये फिकट रेघ एकतर पांढरी होऊन जाते, नाहीतर कागदाचा डाग काळा होऊन अक्षराचं सोंग घेतो. विल्माने ओहायोच्या बाईला लिहिलं, पान रंगीत स्कॅन करा, जितकं बारीक करता येईल तितकं. आठ दिवसांनी ते आलं. तिने चित्राचा फक्त निळा भाग वेगळा काढला. जुनी शाई गंजून तपकिरी झालेली असते, ती निळ्यात गडद दिसते. घडीच्या कडेला एक उभी रेघ वर आली. एकच.

मग तिने पत्रातले सगळे 'टी' आणि सगळे 'डब्ल्यू' कातरून शेजारी शेजारी मांडले. शब्दाच्या शेवटी आलेल्या 'टी'वर ही बाई आडवी रेघ देतच नव्हती. आणि तिचा 'डब्ल्यू' अगदी तशाच उभ्या रेघेने सुरू होत होता. पुढच्या शब्दापर्यंतची जागा दोन्ही अक्षरांना पुरत होती.

क्लेम दुपारी आला. नळीचं चाकं लावलेलं सिलिंडर ओढत. हातात कागदात गुंडाळलेली पॅस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी.

"खा आधी. मग सांग."

"क्लेम, नक्की सांगता येत नाही."

तो उभाच राहिला. "विल्मा, चाळीस वर्षं आपण शेजारी आहोत. तुझ्या दारातला बर्फ मी उपसलाय."

"उपसलायस."

"मग एका अक्षरासाठी अडवतेस? टी लिही. कोण बघायला येणारय?"

"मी येणारय. रोज."

"मी फार दिवस नाही, बाई."

"म्हणून तर. उद्या कोणी चांगला स्कॅन काढला आणि तिथे 'नाऊ' निघालं, तर काय म्हणतील? पॅस्कोच्या नातवाने मैत्रिणीकडून खोटं लिहून घेतलं. तुझी पोरं पुन्हा ऐकतील."

क्लेमने पॅस्टी टेबलावर आपटली आणि निघून गेला. सिलिंडरचं एक चाक बराच वेळ कुरकुरत ऐकू येत राहिलं. विल्माने पॅस्टी खाल्ली नाही. तिने पत्र पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला घेतलं.

गुरुवारी मंडळाची बैठक भरली. सात माणसं, कॉफीचा थर्मास. क्लेम मागच्या खुर्चीत कोट न काढता बसला होता. ड्वेननी आपला मसुदा वाचला. त्यात कंस नव्हते.

"हा माझा सारांश नाही," विल्मा उठून म्हणाली.

"तुमचाच आहे. जरा सुटसुटीत केलाय. फलकावर कंस कोण वाचतं?"

"कंस काढायचे तर माझं नाव काढा. आणि खोल्यांची किल्ली ही घ्या." तिने किल्ली टेबलावर ठेवली. "पण आधी मी लिहिलंय ते ऐका."

कोणी नको म्हणायच्या आत तिने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक कंस, प्रत्येक प्रश्नचिन्ह तोंडाने उच्चारत.

"कारकुनाची पत्नी बहिणीला अपघाताविषयी लिहिते. ब्रेक घसरत असल्याचं पॅस्कोने त्या [आठवड्यात, प्रश्नचिन्ह] खाणीच्या कप्तानाला सांगितल्याचं ती नमूद करते. 'आठवड्यात' हा शब्द पुसट आहे, 'ब्रेक', 'घसरत' आणि 'सांगितलं' स्पष्ट आहेत. पॅस्को झोपला होता असं तिला वाटत [नाही, प्रश्नचिन्ह], किंवा आता वाटतं [प्रश्नचिन्ह]. शेवटचं अक्षर घडीत गेलं आहे. दोन्ही वाचनं शक्य आहेत."



"हे काय झालं?" ड्वेन म्हणाले. "धड हो नाही, धड नाही नाही."

"मग भिंतीवरचा जुना फलक कशाच्या जोरावर हो म्हणतो?" विल्माचा आवाज चढला. "त्यात ब्रेकचा शब्द नाही. प्रश्नचिन्ह नाही. चौकशीला बसलेल्यांना झोप दिसली होती का? मला रेघ दिसते, म्हणून रेघ लिहिते. तुम्ही तेवढं तरी करा."

मागे चाक कुरकुरलं. क्लेम उठला होता.

"ब्रेकचं खरंच लिहिलंय?"

"शाईत. शंभर टक्के."

तो दम घेत थांबला.

"माझ्या आजोबाला एवढ्या वर्षांत कोणी एक प्रश्नचिन्हसुद्धा दिलं नाही," तो म्हणाला. "हिने दिलंय. ते पुसायला कोण येतो बघू."

"क्लेम, पण निर्दोष लिहिलं असतं तर..."

"ड्वेन, तुला फलक हवाय. मला ब्रेक हवाय. जुना उतरव, आणि हिचं जसंच्या तसं लाव. कंसासकट."

मत घेतलं. पाच हात वर गेले. ड्वेन म्हणाले की छापणारा चौकटी कंसांचे वेगळे पैसे लावेल. कोणी हसलंही नाही. ते स्टूल घेऊन भिंतीपाशी गेले आणि जुन्या फलकाचे स्क्रू काढू लागले. तिसरा स्क्रू गंजला होता.

"सरका," विल्मा म्हणाली आणि पेचकस त्यांच्या हातून घेतला.