पेनाची रेघ

कूलरचं गवत बदलायला गेल्या वर्षापर्यंत यजमान, रतिलालभाऊ, होते. यंदा पुष्पाबाईंनी एकटीनेच जाळी ओढली. गंजलेला पत्रा तळहात कापून गेला.

रावेरकडच्या केळीच्या बागेत आयुष्य गेलं होतं. तिथे हाताला विळा लागला की बांधावरचा दगडी पाला चोळून लावायचा, हीच रीत. इथे शहरात, मेहरूणमध्ये, बांध नव्हता. पाला मात्र गटाराच्या कडेला होता. पुष्पाबाईंनी तोच चुरगळून जखमेत भरला आणि जुन्या लुगड्याची चिंधी दातांनी ओढून गाठ मारली.

संध्याकाळी सुरतहून डिंपलचा व्हिडिओ कॉल आला. पुष्पाबाईंनी हात पदराखाली घेतला. हे लेकीला कळलं असतं तर घराला कुलूप लागलं असतं. "एकटी राहू नको" हे तिचं पालुपद भाऊ गेल्यापासून चालूच होतं.

दोनच दिवसांत हात ठणकू लागला. गरम झाला, सुजला. चिंधी पिवळी पडली आणि तिला वास सुटला. आता दवाखाना टाळता येईना.

"काय भरलंय हे, अक्का?" नर्स नूतनने चिंधी भिजवून हळूच सोडवली.

"दगडी पाला शे, माय. गटाराच्या कडेचा."

"गटाराचं पाणी पिता का तुम्ही? मग जखमेला का पाजलंत? लागलं तेव्हाच नळाखाली धरायचं होतं, साबणाने धुऊन. आणि लगेच इथे यायचं."

डॉक्टरांनी पू काढला, जखम धुतली, गोळ्या लिहून दिल्या. नूतनने जखमेला न चिकटणारी जाळी ठेवून वर गॉज बांधला.

"धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?"

"विळा लागला तवा. तीनही सुया टोचल्या. बारा वरीस झाले."

"मग आज परत घ्यावं लागेल."

शेवटी नूतनने पट्टीबाहेरच्या लालीभोवती पेनाने रेघ ओढली. "लाली रेघेबाहेर गेली, ताप आला किंवा लाल पट्टा मनगटाकडे चढला, तर तडक यायचं. रोज पट्टी बदलायला या. रात्री मात्र घरच्या कोणाला तरी बघायला सांगा."

पुष्पाबाईंनी मान हलवली.

घरी आल्यावर त्यांनी हात दिव्याजवळ धरला. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याला धूसर दिसे. रेघ कुठली, लाली कुठली, काही उमजेना. शेजारचं दार सुट्टीभर बंदच होतं. भाऊंच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते.

फोन वाजला. पुष्पाबाईंनी हात पदराखाली घेतला, मग पुन्हा बाहेर काढला. हात फोनसमोर धरला.

"बघ गं. रेघेबाहेर गेलंय का?"

डिंपलने चेहरा स्क्रीनजवळ आणला.

"आतच आहे, आई," ती म्हणाली. "कधी लागलं?"

पुष्पाबाईंनी सगळं सांगितलं. पाल्याचंसुद्धा. लेक रागावेल म्हणून त्या थांबल्या. ती रागावली नाही.

"परवा सकाळी पोचते. तोवर सकाळ-संध्याकाळ हात दाखवायचा."

"आनि मंग?"

"मग बघू."

पुष्पाबाईंनी वाद घातला नाही. फोन ठेवला, औषधाची गोळी घेतली आणि दुखरा हात उशीवर उंच ठेवून पडून राहिल्या.