ताईच्या डाव्या हाताची मोटार

आमचे भाऊजी म्हणजे एक नंबरचे घुमे. ताई होती तेव्हा दुकानात बोलायचं काम तिचं, मान हलवायचं यांचं. आता ताई नाही. दुपारी डबा घेऊन जाते ती मी, तिची धाकटी बहीण. मी दहा वाक्यं बोलले तर एक "हं" पदरात पडतो. कधी कधी वाटतं, भिंतीशी बोलावं, ती निदान जेवायला तरी उशीर करत नाही.

दुकान विजेच्या मोटारी भरायचं. जळलेली तार उपसायची, नवी गुंडाळायची. ताई डावखुरी होती. मोटारीच्या आतल्या लोखंडी पोलांवर सगळे ज्या बाजूने तार गुंडाळतात, तिची बरोबर त्याच्या उलट जायची. मग वीज उलटी वाहणार, चुंबकाचे ध्रुव उलटे होणार आणि मोटारही उलटी फिरणार! भाऊजी शेवटी ब्रशकडे, म्हणजे मधल्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांकडे, जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करायचे, की मोटार सरळ. "हिचं सगळंच उलटं," म्हणायचे. ताई फणकारायची, "मग सरळ करायला ठेवलंय कशाला तुम्हाला?"

ती गेल्यावर भाऊजींनी दुकानातलं एकूण एक फडताळ उपसलं. तिच्या हातची एकही कॉइल सापडली नाही. सापडणार कशी? भरलेली मोटार गिऱ्हाइकाच्या घरी जाते. घरी साड्या आहेत कपाटभर, पण त्या तर दुकानातून विकत आणलेल्या. भाऊजींना तिने केलेलं काहीतरी हवं होतं.

परवा एक शिलाईवाली बाई मशीनची मोटार घेऊन आली. "ब्रश झिजले म्हणून घराजवळच्या मेकॅनिककडे दिली, तर तेव्हापासून उलटी फिरतेय. दोऱ्याचा नुसता गुंता! त्याने प्लगच्या वायरीसुद्धा बदलून पाहिल्या, काही फरक नाही. आणि माझे शाळेचे गणवेश अडलेत हो."

भाऊजींनी कव्हर उघडलं आणि बघतच राहिले. मी वाकून पाहिलं. पोलांवरची तार उलट्या बाजूने गेलेली, टोकांना ताईची ती बुटकी, डावीकडे वळलेली गाठ.

"वाइंडिंग जळून गेलंय," भाऊजी म्हणाले. "ही राहू दे इथे. दुसरी मोटार देतो. पैसे नकोत."

मी थक्कच झाले. या माणसाने जन्मात गिऱ्हाइकाला थाप मारली नव्हती.

बाई काही लेचीपेची नव्हती. "गेलंय कसं? धूर नाही, वास नाही, भिंगरीसारखी फिरतेय. उलटी का होईना! आणि मला दुसरी नकोच. तुमच्या मिसेसनी माझ्यासमोर भरली होती ही. म्हणाल्या होत्या, बिघडली तर इथेच आणा, दुसऱ्याला कळायची नाही."

भाऊजींचे कान लाल झाले. मग त्यांनी डावा हात वर केला, अंगठा आणि पहिली दोन बोटं एकमेकांशी काटकोनात धरून.

"हे पहिलं बोट चुंबकाचं. मधलं, तारेतली वीज जाते तिकडे. अंगठा, तार ढकलली जाते तिकडे. प्लगच्या वायरी बदलल्या की पोलांतली आणि मधल्या फिरत्या आर्मेचरमधली, दोन्हीकडची वीज उलटते. दोन्ही बोटं उलटतात, अंगठा जागेवरच. म्हणून फरक पडला नाही." त्यांनी स्क्रू ढिला केला. "एकच बोट उलटवावं लागतं. आम्ही ब्रशच्या तारा मुद्दाम उलट्या जोडल्या होत्या. त्या मेकॅनिकला वाटलं चूक आहे, त्याने सरळ केल्या."

बाप रे, एवढं बोलणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. आणि ते बोलत होते माझ्याशीही नाही, बाईशीही नाही. त्या गाठीकडे बघत होते.

दोन तारा बदलल्या, बटण दाबलं, मोटार सरळ फिरली. भाऊजींनी ती गरजेपेक्षा जास्त वेळ चालू ठेवली. बाई म्हणाली, "झालं ना?" तेव्हा कुठे बंद केली.

कव्हर लावण्याआधी मी म्हटलं, "आत लिहून ठेवा की, तारा अशाच राहू द्या म्हणून. नाहीतर पुढचा कोणी पुन्हा सरळ करून ठेवील."

त्यांनी मार्कर उचलला, टोपण काढलं. मग पुन्हा लावलं आणि कव्हर बसवून चारही स्क्रू आवळले.

बाई गेल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. "का नाही लिहिलं? तिला पुन्हा हेलपाटा पडेल ना!"

"लिहिलं असतं," ते म्हणाले, "तर कोणीही दुरुस्त केली असती. मग ती मोटार इथे कशाला परत येईल?"

मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. जेवण गार झालं होतं.