अवतरणचिन्हातली बाई

ऑफिसात त्यांना सगळे अहवालकाकू म्हणत. इतरांचं असं, की प्रकल्प बघून आले आणि अहवाल लिहायची वेळ आली की कुणाचं डोकं दुखे, कुणाचा पाहुणा येई. काकूंना मात्र लिहायला बसलं की हुशारी वाटे. दुसऱ्यांच्या अहवालात 'महिलांनी समाधान व्यक्त केले' एवढंच असायचं. काकूंच्या अहवालात बाई चक्क बोलायची. शिंकायची सुद्धा. देणगीदार बाकीची पानं नुसती चाळत, पण काकूंचा 'लोकांचे बोल' हा भाग मोठ्यानं वाचून दाखवत.

"घरात मी जांभई दिली तरी हिच्या हातात पेन दिसतं," असं काकूंचे यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

या खेपेला काकू एक आठवडा कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये होत्या. शेड चालवत होती तिथलीच एक छोटी संस्था, पैसा काकूंच्या संस्थेचा. लांबलचक टेबलं, त्यावर शहरभरचा सुका कचरा ओतलेला, आणि दोन्ही बाजूंना उभ्या बायका. प्लास्टिक इकडे, पत्रा तिकडे, काच खालच्या टोपलीत. पत्र्याच्या छपराखाली असा उकाडा, की घाम डोळ्यांत उतरायचा आणि तो पुसायला स्वच्छ हात कुणाकडे नसायचा.

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हातांत हातमोजे होते. कोरे करकरीत, घड्यांसकट. काकूंना त्या घड्या खटकल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत काकू शेडला सवयीच्या झाल्या आणि हातमोजे दिसेनासे झाले. बायका उघड्या हातांनी काचा उचलत होत्या. कोपऱ्यातल्या कपाटाला कुलूप होतं.

दुपारी नळापाशी हात धुताना काकूंनी एका बाईला विचारलं, "हातमोजे कुठे गेले हो?"

या बाईला शेडमध्ये सगळ्या म्हणीवाली म्हणत. तोंड उघडलं की काहीतरी तिरकस बाहेर पडायचंच. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, आणि चिंधीबाहेरचा अंगठा सुजून जांभळा झाला होता.

"हातमोजे?" ती म्हणाली. "ते आमचे जावई, मॅडम. फोटो असला की पुढे, काम निघालं की पसार."

काकूंना हसू आवरेना. "लिहू का हे?"

"लिहा की! पण नाव नको हं माझं. नवरा कामाला म्हणून गेला तो गेला. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, दोन पोरं. सगळे माझ्या या हातांकडे बघून जेवतात."

"नाव येणार नाही. शब्द देते."

आणि काकूंनी शब्द पाळला. अहवालात लिहिलं, 'एका महिला कामगाराने सांगितले', आणि पुढे अवतरणचिन्हात जावई.

प्रकल्पप्रमुख बाईंना वाक्य भलतंच आवडलं. "काकू, हे तर पहिल्याच पानावर घ्या!" घेतलं. मग रिवाजाप्रमाणे कच्चा मसुदा त्या छोट्या संस्थेकडे गेला. काही चुकलं-माकलं असेल तर त्यांनी सांगायचं, मग पक्का अहवाल देणगीदाराकडे.

शेडच्या व्यवस्थापकाला सगळे भाऊ म्हणत. त्याचा फोन आला तो गोडच.

"काकू, झकास लिहिलंय! मी तर शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं."

"सगळ्यांना? अहो, तो मसुदा होता."

"पारदर्शकता, पारदर्शकता, तुम्हीच शिकवता ना? जावयाच्या वाक्याला अख्खी शेड खदखदून हसली. आणि हसता हसता सगळ्या एकीकडेच बघायला लागल्या."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"कोकिळेला नाव सांगावं लागतं का, काकू? ओरडली की कळतं."

"तुम्ही तिला काढलंत?"

"छे छे! अंगठा बरा नाही, घरी विश्रांती घे म्हटलं. आता असं करा, हातमोज्यांचा तो सगळा भाग गाळा. गैरसमज झाला म्हणा. सोमवारी तिला टेबलापाशी उभी करतो की नाही बघा."

फोन ठेवला तरी काकूंचा हात फोनवरच राहिला. घड्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. उघडे हात, कपाटाचं कुलूप, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी. 'भेटीदरम्यान कामगार हातमोज्यांशिवाय काम करताना आढळल्या', एवढं आपल्या नावावर लिहिलं असतं तर कुणाच्या बापाची बिशाद नव्हती त्या बाईकडे बोट दाखवायची. पण त्या वाक्यावर कोण हसलं असतं? कोण म्हणालं असतं, वा काकू?

त्या उठून प्रमुख बाईंकडे गेल्या. "बोलली म्हणून तिला घरी बसवलंय. तक्रार नोंदवायला हवी."

"नोंदवूच. तसा नियमच आहे आपला. पण चौकशी म्हणजे महिने जातात, काकू. तोवर तिला आत घ्या असं आपण सांगू शकतो, भाग पाडू शकत नाही. कामगार त्यांची." बाईंनी चष्मा काढला. "आधी तिला विचारून या. भोगायचं तिला आहे."

म्हणीवालीची खोली एका गोदामाच्या मागे होती. एक खिडकी, तीही पुठ्ठ्यानं बुजवलेली. खाटेवर सासू भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हणीवालीनं काकूंना बसायला उलटी बादली दिली आणि स्वतः उभीच राहिली. अंगठ्याची चिंधी बदललेली नव्हती.

"मला माफ करा," काकू म्हणाल्या.

"कशाबद्दल? तुम्ही शब्द पाळलात. नाव नाही घातलंत. तोंड तेवढं उचलून नेलंत माझं."

काकूंनी दोन्ही वाटा सांगितल्या. एक तक्रारीची, एक भाऊची. काही लपवलं नाही.

"तक्रार केली तर मी जिंकेन?"

"सांगता येत नाही."

"आणि तोवर?"

"तोवर घरीच बसावं लागेल."

"मग काढा ते. सगळं काढा."

"निदान मी पाहिलं तेवढं ठेवते. माझ्या नावावर."

"आणि भाऊ विचारेल, मॅडमला दाखवलं कुणी? पुन्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे!" तिचा आवाज चढला, तशी सासू खाटेवर कण्हली. म्हणीवालीनं पांघरूण नीट केलं आणि तिकडे वाकलेलीच म्हणाली, "तक्रारही नको. माझ्यावर एवढे उपकार करा, मॅडम. मला विसरा."

"अंगठा तरी डॉक्टरला दाखवा. मी नेते तुम्हाला, आत्ताच."

"तुमच्याबरोबर दिसले तर?"

काकूंनी पक्का अहवाल लिहिला. 'शेडमध्ये सुरक्षा साधने उपलब्ध आहेत.' खोटं नव्हतं. कपाटात होतीच. 'लोकांचे बोल' या मथळ्याखाली बराच वेळ काही सुचेना, तेव्हा त्यांनी लिहिलं, 'महिलांनी समाधान व्यक्त केले.'

सोमवारी काकूंनीच शेडवर फोन लावला. भाऊ खुशीत होता.

"आली, आली! मी शब्दाचा पक्का आहे. डाव्या हातानं करतेय काम, उजवा जरा चालत नाही अजून. पण काकू, एक मात्र झालं हं. आता बोलतच नाही बघा. बायका मुद्दाम डिवचतात, काहीतरी बोल गं, करमत नाही. तर नुसती मान हलवते."

काकूंनी समोरचं पेन उचललं आणि टोपण न काढताच परत खाली ठेवलं.

"हॅलो? काकू? ऐकताय ना?"

"ऐकतेय," काकू म्हणाल्या.