फावड्याची ओळ

केवळराम घरी बोलायचा मोजून चार शब्द. पण लाखांदूरच्या पाटबंधारे कचेरीत स्टोअरकीपर म्हणून रजिस्टर भरायला बसला की गडी खुलायचा. प्रत्येक वस्तू मुळापासून सांगायचा: लोखंडी सामान/पाइप/१/२ इंची/कोपर. मधल्या तिरक्या रेघा लांब, झटक्यानं ओढलेल्या. पंच्याऐंशी साली तो तापानं गेला आणि त्याच्या खुर्चीवर त्याची बायको मंदाबाई बसली.

पुढं नागपूरला कॉम्प्युटर आला. साहेबांनी तिला छापील तक्ते दिले. रजिस्टरातली ओळ तिरक्या रेघेशी तोडायची, एका पायरीला एक खाना, असे चार खाने. ओळ आखूड असली तर शेवटचे उरलेले खाने आडव्या रेघेनं भरायचे. मध्ये रेघ आणि पुढं नाव असं आलं की मशीन गठ्ठा परत करायची, मग रजिस्टर घेऊन सगळं पहिल्यापासून ताडून पाहायचं.

पहिल्याच पानावर थोरला कारकून धनीराम अडला.

"मंदाबाई, याचे तं पाच तुकडे होऊन राहिले. खाने चारच हायेत."

"ते अर्धा इंची हाय, भाऊ. ती रेघ बारकी हाय, पाहा. त्यायची तोडायची रेघ लांब राहते."

तेव्हापासून तक्ते तिच्याकडंच आले. कचेरीत सगळे तिच्याशी कामापुरतं बोलत. घरी तेवढंही कोणी नव्हतं. इथं निदान दिवसभर केवळरामचं अक्षर समोर असायचं. जिवंतपणी जेवढं बोलला नाही, तेवढा तो आता बोलत होता. सहाशे बारा ओळींना तिनं चार महिने लावले आणि एकही चूक केली नाही.

शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, "गठ्ठा उद्या नागपूरला जाईल. तिकडून मंजूर झाला की हे रजिस्टर रद्दीत."

"साहेब, मले देता का?"

"सरकारी कागद आहे, बाई. घरी नेता येत नाही."

माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढं त्याचंही काही चालत नव्हतं. मंदाबाई जागेवर आली. एकच ओळ उरली होती: हत्यारे/फावडे. दोन नावं, मग दोन रेघा. शाळेतल्या पोरानंही भरली असती. तिनं पहिल्या खान्यात हत्यारे लिहिलं. दुसऱ्यात रेघ ओढली, तिसऱ्यात रेघ ओढली, आणि फावडे चौथ्या खान्यात लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबून तिनं तक्ता धनीरामच्या हाती दिला. त्यानं न बघताच गठ्ठा बांधला.

तीन आठवड्यांनी गठ्ठा परत आला. फावड्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता.

"बाई, तुमच्या हातून असं?" साहेब म्हणाले.

"चुकलं, साहेब."

"काढा आता रजिस्टर. सगळं पहिल्या ओळीपासून ताडून पाहा."

मंदाबाईनं कपाट उघडलं. पदरानं रजिस्टर पुसून पहिलं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून, कोणाला ऐकू जाणार नाही असं, वाचू लागली.