डोरथीने दुकानात पाय ठेवला

कट्टा गावच्या शाळेत मुलांना मोजमाप शिकवणाऱ्या डोरथीच्या स्वतःच्या पायाचं माप मात्र तिच्या वडिलांनी घेतलं. तिला ओट्यावर बसवून आंतोनने माडाच्या पातीचा हीर, म्हणजे मधली काडी, तळव्याला लावला, टाच ते बोट मोडला आणि मालवणच्या बाजारात गेला. त्यांच्या घरातल्या बायकांनी दुकानात चप्पल काढून पाय दाखवायचा नाही, हा त्याचा नियम. तिचं लग्न सोमवारी होतं. आणले ते चार नंबरचे, उंच टाचेचे, पुढे एकच पट्टा असलेले सँडल.

डोरथी त्यात उभी राहिली मात्र, टाच अर्धं बोट मागे लोंबू लागली. बसल्या पायाचं माप! अंगाचा भार पडल्यावर पाय पसरणार नाही तर काय? ती तडक सेलेस्तीन मावशीला घेऊन, सँडल जिथून आणले त्या गुरुदास शेटच्या दुकानात गेली.

"चामडां सुटतां गो," शेट म्हणाला, "चार दिवस वापर."

"पट्टो सुटात. तळ वाढतलो काय?"

शेटने पाच नंबर काढला. तळ पुरला, पण टाच उंच. दोन पावलांत पाय घसरून पुढे गेला आणि बोटं तळाच्या कडेबाहेर आली.

"कापूस घाल पुढे."

"खंय घालू? पुढे उघडां, मागे उघडां!" डोरथीचा आवाज रस्त्यावर गेला. "लग्नात मी कापूस वेचीत चलू?"

मावशी हसून म्हणाली, "शेटानू, नवरो मागसून येतलोच. तो वेचतलो."

शेट ओशाळला. मग त्याने फळीवरून घोट्याला बक्कल असलेला पाच नंबर उतरवला. "ह्यो आसा. पण तुझ्या बापाशीन घोट्याक पट्टो नको म्हणान सांगलेल्यान."

"पाय बापाशीचो काय माझो?"

घोट्याचा पट्टा टाच मागे धरून ठेवत होता, पण शेवटच्या भोकातही सैल होता. शेटने आणखी एक भोक पाडलं. पुढल्या पट्ट्याखाली पाय हलत होता म्हणून चवड्याखाली पातळ चामड्याची चकती चिकटवली. डोरथी दुकानाच्या पायरीवर चारदा चढली-उतरली. डावा पाय किंचित मोठा, म्हणून त्याचं बक्कल एक भोक मागे. टाच, बोटं, दोन्ही तळाच्या आत.

घरी आंतोन खवळला, "बाजारात पाय दाखवलंस?"

"सोमवारी सगळो गाव बघतलो, पप्पा. मी पडलंय तर आणखी बघतलो."

 दोन दिवस त्याने तिच्या हातचा चहा घेतला नाही, आणि डोरथीनेही त्याची मनधरणी केली नाही. जिच्या पायाखाली तळ पुरा, तिने कुणाला कशाला समजावत बसायचं?

सोमवारी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्या चढताना आंतोनने सवयीने हात पुढे केला. डोरथीने तो घेतला, पण भार दिला नाही. देवासमोर गुडघे टेकून ती एकटीच उठली. पायांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.